तपकिरी पट्टा

सकाळी स्पर्धेला निघताना लेकीच्या कराटेच्या अंगरख्याची डावी बाजू उजवीवर घेऊन, गाठीची दोन्ही टोकं सारखी ठेवून तिचा तपकिरी पट्टा मीच बांधला होता. परभणीत तिची लढत पुकारली, अन् पाहते तर कमरेला निळा! इतक्या वर्षांच्या घामाचा पट्टा काढून घेतला? मी तरातरा जाऊन तिच्या सरांना गाठलं.

“काय चुकलं माझ्या लेकराचं?”

सर हसले. “ताई, लढतीपुरता एकीला लाल, दुसरीला निळा. पंचांना ओळखू यावं म्हणून. तिचा हा घ्या.”

तपकिरी पट्टा हातात आला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

लेक मुसमुसत आली. मी तो पुन्हा तिच्या कमरेला बांधू लागले.

“आई, मी हरले अन् तू हसायलीस?”