दुसरी ओळ

आमचे हे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. वीस वर्षं झाली. दुकान म्हणजे एक खोली. पुढे माझं झेरॉक्सचं मशीन, मागे यांचं टेबल, आणि टेबलावर उघडी पडलेली लोकांची डबडी. माणसाशी दोन शब्द बोलायचा यांना कंटाळा, पण मशीनशी दिवसभर गप्पा. "काय गं, काय झालं तुला?" हे असं! लग्नानंतर सहा महिने मला वाटायचं, मलाच विचारतायत.

यांचा हात भारी आहे, हे मी सांगायला नको. खोड एकच. समोर आलेलं वाचायचं नाही. डोळे मिटून एंटर.

त्या दिवशी दुपारी एक निवृत्त मास्तर बायकोला घेऊन आले. मास्तरांच्या काखेत कॉम्प्युटर, काकूंच्या हातात पाटीएवढी वही. काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज गेलेला. बोलायचं ते वहीत लिहायच्या. त्याआधी बारा वर्षं त्यांनी अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली होती. सगळी या एका डिस्कवर, दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि आता कॉम्प्युटर चालू होत नव्हता.

"हिचा आवाज आहे हो त्यात," मास्तर म्हणाले. "बाकी काही नाही मिळालं तरी चालेल."

यांनी डब्याला कान लावला. डिस्क टक टक करत होती. "जाण्याच्या बेतात आहे, पण फाइली उतरवून घेऊ," हे म्हणाले. पेनड्राइव्हवर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टिमचा, इन्स्टॉलर होता. त्यावरून मशीन सुरू करायचं, काही इन्स्टॉल न करता नुसतं उघडायचं, आणि फाइली बाहेर काढायच्या. शंभरदा केलेलं काम.

खरं तर असली डिस्क आधी सोडवून बाजूला ठेवायची, दुसरं सगळं नीट चालतंय याची खात्री झाली की मगच जोडायची. शिकाऊ माणसांना हेच हे ओरडून ओरडून सांगतात. पण त्या दोघांची चारची बस होती. "लगेच होईल," म्हणून डिस्क तशीच जोडलेली राहिली.

मेनू आला. यांनी पहिल्याच ओळीवर एंटर मारलं. चार अक्षरं धावली, आणि स्क्रीन काळी. मॉनिटर म्हणाला, सिग्नल नाही.

बंद केलं, चालू केलं. मेनू, एंटर, काळं. रॅम काढून पुसून बसवली. काळं. केबल बदलली, मॉनिटर बदलला, पेनड्राइव्ह बदलला. काळंच! आणि प्रत्येक वेळी चालू करताना ती डिस्क फिरायची, टक टक करायची. काकू ऐकत होत्या. दहाव्या वेळी टक टक मोठी झाली तशी त्यांनी कान दाबून धरले. मला रडूच येत होतं, पण हात बांधल्यासारखी उभी. करणार काय?

"अहो, पण मेनू तर दिसतोय ना!" मी शेवटी ओरडले. "त्यात दुसरी ओळ काय आहे ती तरी वाचा!"

यांनी वाचली. सेफ ग्राफिक्स. चेहराच उतरला यांचा. डब्यात पडद्यावर चित्र पाठवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, मास्तरांनी मोठ्या मॉनिटरसाठी मागे बसवून घेतलेलं. मेनूपर्यंत साधं चित्र चालतं. पुढे लिनक्स कार्डाचा ताबा घ्यायला जातो, जमत नाही, आणि पडदा काळा पडतो. दुसरी ओळ निवडली की आपोआप नोमोडसेट लागतं, म्हणजे कार्डाच्या वाटेला जाऊ नको, साध्या चित्रावर काम कर. मशीन धडधाकट होतं. यांनी उगाच अकरा वेळा बंद-चालू केलं होतं.

बाराव्या वेळी दुसरी ओळ. पडदा उजळला. चित्र जरा ढोबळ, पण स्वच्छ. मास्तरांनी टाळीच वाजवली. काकू खुर्चीतून उठल्या.

फाइलींची खिडकी उघडली. पेनड्राइव्ह दिसत होता. डिस्क नव्हती. टक टकही थांबली होती. यांनी मशीन बंद केलं, वायर काढली, दुसरी लावली, पुन्हा पाहिलं. मशीन सुरू होताना जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवतं, तिच्यातही डिस्क नव्हती.

"गेली," हे म्हणाले. "माझ्यामुळे गेली, काका. आधी सोडवून ठेवायला हवी होती. बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढणाऱ्या लॅबला पाठवतो, पण आशा लावू नका."

काकूंनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत घालायला निघाल्या असाव्यात, ओठ हलले, आणि नुसती हवा बाहेर आली. मग त्यांनी वही उघडली. पेन कागदावर टेकवून बराच वेळ बसल्या, आणि काहीच लिहिलं नाही.