स्वप्नातली धडधाकट आई

अंथरुणाला खिळलेल्या आईचं आवडाबाईनं दोन वर्षं हागणंमुतणं काढलं. आई गेली, तरी स्वप्नात तशीच यायची, कण्हत, पाठीवरच्या जखमा दाखवत.

औरंगपुऱ्यात दुकान असलेला भाऊ सांडू आजारपणात एकदाही फिरकला नव्हता. वर्षश्राद्धाला तोच पाहुण्यांना सांगत सुटला, "आई स्वप्नात हसत आली. चांगली धडधाकट. लई समाधानी हाय!"

आवडाबाई फणकारली, "तू आजारी आई बघितलीच नाय, तर तुला तशी दिसंल कशी?"

आणखी दोन वर्षांनी जखमांची स्वप्नं विरळ झाली. मग एका पहाटे आई तिच्याही स्वप्नात धडधाकट आली. पदर सारखा करून शेजारी निवांत बसली. आवडाबाईचा ऊर भरून आला.

आईनं विचारलं, "सांडू जेवला का गं?"