बघतो, करतो, करूया

ऑफिसात सरांपेक्षा ताईंचा धाक जास्त होता. सर आर्किटेक्ट. ते चिडायचे आणि चहा येईपर्यंत विसरायचेही. ताई ऑफिसचं काम सांभाळायच्या; त्या चिडत नसत, पण विसरतही नसत. माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. ते दिवस आठवले की अजून वाटतं, पुन्हा तिथे जाऊन बसावं आणि त्यांची बोलणी खावीत.

आम्ही तेव्हा एका जुन्या गोदामाचं वाचनालय करत होतो. त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे नुसता बाजार: रंगांचे फोटो, सुप्रभात, भांडणं, आणि त्यातच कुठेतरी कामाचं एखादं वाक्य. दर आठवड्याला ताई तो सगळा चॅट एक्स्पोर्ट करून, म्हणजे त्याची फाइल काढून घ्यायच्या आणि त्यातून यादी काढायच्या. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि कुठल्या मेसेजवरून. कोणी ‘उद्या’ लिहिलं असेल, तर त्या मेसेजची तारीख बघून खरा वार लिहायच्या. पुढे कोणी शब्द फिरवला असेल, तर शेवटचा धरायच्या.

“हे बघ,” त्या मला म्हणायच्या, “करतो म्हणजे नाव लिहायचं. बघतो म्हणजे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि फोन करून विचारायचं. आणि करूया म्हणजे कोणीच करणार नाही!”

अपवाद फक्त मिस्त्रींचा. आमचे सुतार. हा माणूस आयुष्यात ‘करतो’ म्हणाला नसेल. “बघतो,” म्हणायचा, आणि तुम्ही विसरेपर्यंत काम झालेलं असायचं. त्यांच्या ‘बघतो’पुढे ताई डोळे झाकून नाव लिहायच्या.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई ऑफिसात आल्या. दाराशी दोन पायऱ्या होत्या आणि रॅम्प नव्हता. व्हीलचेअरवरून येणारी एक मुलगी रोज बाहेर थांबून आत काय चाललंय ते बघायची. बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, पहिल्या दिवशी आत पहिली तूच. आता तिला काय सांगायचं, असं बाईंनी विचारलं.

सर खवळले. “मिस्त्रींनी घेतलं होतं ते काम. यादीत त्यांचंच नाव आहे. ताई, तो मेसेज काढा.”

ताईंनी एक्स्पोर्ट उघडला. बाईंचा मेसेज: ‘आतल्या दाराची कडी सैल आहे.’ मग पुन्हा बाईंचाच: ‘पायऱ्यांना रॅम्प कोण करतंय?’ सरांचा: ‘करूया लवकरच.’ आणि खाली मिस्त्रींचा: ‘बघतो.’

“बघा!” सर म्हणाले. “आणि त्यांचं बघतो म्हणजे करतो, हे तुम्हीच सांगता. पुढचं काम दुसऱ्या सुताराला देऊ.”

मिस्त्रींचं वय झालं होतं. आमची कामं गेली असती, तर त्यांना नव्याने कोण बोलावणार होतं?

ताईंनी पर्समधून फोन काढला आणि मूळ ग्रुप उघडून त्या तारखेपर्यंत वर सरकत गेल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. एक्स्पोर्टमध्ये सगळे मेसेज एकाखाली एक येतात. कोणाचं उत्तर कोणाला, हे त्यात उरत नाही. फोनवर मात्र मिस्त्रींच्या ‘बघतो’च्या डोक्यावर कडीचा मेसेज चिकटलेला स्पष्ट दिसत होता. म्हणजे ते उत्तर कडीला होतं, आणि कडी तर त्यांनी कधीच बसवली होती.

“मग रॅम्प कोणाचा?” सरांनी विचारलं.

रॅम्पच्या मेसेजखाली एक छोटासा अंगठा होता. तोही एक्स्पोर्टमध्ये येत नाही. ताईंनी त्यावर बोट ठेवलं. कोणाचा ते बघायला नाव उघडलं. नाव त्यांचंच होतं.

“अहो, तुम्ही वाचलं म्हणून अंगठा दिला असेल,” सर एकदम मवाळ झाले. “अंगठा म्हणजे काय वचन थोडंच आहे?”

“मिस्त्रींच्या एका शब्दावर तुम्ही त्यांचं काम काढून घेत होतात,” ताई म्हणाल्या. “आणि माझा अंगठा सोडून देता? बाईंनी तो बघितला आणि त्या निश्चिंत झाल्या. बरोबर ना, बाई?”

बाईंनी मान हलवली.

ताईंनी यादीत लिहिलं: रॅम्प. जबाबदारी: मी. शुक्रवारपर्यंत. ती यादी त्यांनी जशीच्या तशी ग्रुपवर टाकली, आणि खाली काय झालं होतं तेही सरळ लिहिलं. शुक्रवार परवावर आला होता. आता ताई लाकूड कुठून आणणार, मला काही कळेना.

ग्रुप गप्प झाला. सुप्रभातवालेसुद्धा.

मग मिस्त्रींचं ‘लिहीत आहे’ दिसायला लागलं. ते एकेक अक्षर शोधून टाइप करायचे, त्यामुळे वेळ लागायचा. आम्ही चौघं त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत उभे होतो.

‘ताई, माप माझ्याकडे आहे. रॅम्प मी करतो.’

ताईंनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या रडत होत्या.