बसून दाखवणाऱ्यांची सुट्टी

ये, अशी जवळ सरक आणि आधी चार बोल ऐकून घे. भाची असलीस म्हणून सोडणार नाही. परवा फोनवर किती रुबाबात सांगत होतीस, "मावशी, भडगावच्या माझ्या वर्गात एक मुलगी सारखी चुळबुळते. तिची मधली सुट्टीच बंद केली." शाबास गं बाई. तुला शिक्षिका कोणी केलं?

आमच्या देवपूरच्या शाळेत हेच झालं होतं. मी तिथे खिचडी शिजवते आणि माझी नात तिथेच तिसरीत. स्वयंपाकाच्या खोलीची खिडकी तिच्या वर्गासमोरच, त्यामुळे ढवळता ढवळता माझीही तिसरी चालली होती. पहिली दहा मिनिटं पोरगी ठीक. मग पेन्सिल पडायची, पेन्सिलीमागे पोरगी बाकाखाली जायची, आणि बाहेर यायची तोवर फळा पुसून झालेला असायचा. घरी म्हणायची, "आजी, माले बठ्ठं येस. पन बसवत नही." सगळं येत होतं तिला, अडायचं ते बसण्यापाशी.

तिच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "अक्का, दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर दुसरी शाळा बघा." पोरगी शाळेतून जाणार, या धास्तीनं त्या दिवशी खिचडीत मीठ दोनदा पडलं.

मग अशा पोरांसाठी आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिका आल्या. मुलीशेजारी बाकावर बसून त्यांनी सगळा तास पाहिला आणि मॅडमना सांगितलं, "तासाचे तीन तुकडे करा. आठ-दहा मिनिटांत एकच गोष्ट शिकवा. मग दोन मिनिटं सगळ्यांना उठू द्या, हालू द्या, आणि परत बसवा. कधी उठायचं ते आधीच सांगा, म्हणजे पोर तेवढा वेळ धरून ठेवतं."

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी रंगीत तक्ता केला. त्यावर घड्याळ, उड्या मारणारी मुलं, कडेनं फुलांची वेल. तपासणीचे साहेब आले की दिसावा म्हणून दारासमोरच चिकटवला. आणि पहिला तुकडा संपल्यावर म्हणाल्या, "जे शांत बसले, तेच उठतील."

झालं. जी पोरं तशीही संध्याकाळपर्यंत बसून राहिली असती, ती उड्या मारायला लागली. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती हाताची घडी घालून बाकावर. असे चार दिवस गेले. मॅडम विशेष शिक्षिकेला फोनवर सांगत होत्या, "तुमचा उपाय त्या मुलीलाच काही लागू पडत नाही."

पाचव्या दिवशी मी पातेलं घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. मॅडम आल्या तशी म्हटलं, "आज नियम बदलला. ज्यांचं पोट भरलंय त्यांनाच वाढणार. भुकेनं कळवळतात त्यांनी आधी नीट वागून दाखवायचं."

"अक्का, असं कुठं असतं का?"

"तुमच्या वर्गात असतं की. तक्त्यावर वेलबुट्टीसुद्धा आहे."

मॅडम लाल झाल्या. मला वाटलं, आता नातीबरोबर माझंही काम गेलं. पण त्या तशाच वर्गात गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग उठला, माझी नातही.

पण त्या पहिल्या दिवशी नुसता बाजार भरला. मॅडमनी शिवाशिवी खेळायला लावली, मग पोरं बसतील कशी? विशेष शिक्षिका पुढच्या खेपेला हसल्या. म्हणाल्या, "दमवायचं नाही, हलवायचं. खूण रोज एकच ठेवा, आणि शेवट सावकाश करा." तेव्हापासून असं ठरलं: तीन टाळ्या वाजल्या की उठायचं, भिंतीला हात लावून यायचं, जागेवर दहा पावलं टाकायची, शेवटची पावलं हळू. मग एक लांब श्वास आणि खाली. लगेच हातच्याची फक्त दोन गणितं, फळाभर नाहीत. वह्या गोळा करायचं काम माझ्या नातीकडे, म्हणजे तिला जास्तीचा एक फेरा मिळायचा.

जादू झाली असं सांगणार नाही. तिसऱ्या तुकड्यात पेन्सिल अजूनही पडते. पण पूर्वी तासात एक गणित व्हायचं, आता पाच होतात, आणि सहावं ती घरी बोटं मोजत भांडून सोडवते. दिवाळीनंतर मी मुद्दाम विचारलं, "मॅडम, दुसरी शाळा बघू का?"

त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "अक्का, तिला कुठे नेता? वह्या कोण गोळा करणार?" आणि वही मिटून, "मलाच बसवत नाही हो पूर्ण तास."

इतकी वर्षं त्यांनाही कुणी उठू दिलं नव्हतं, आणि त्यांनीही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तर उद्या आधी त्या मुलीची सुट्टी परत दे. आणि एखाद्या शनिवारी रजा काढून ये इकडे. सकाळची शाळा असते, खिडकीजवळ तुला पाट टाकून देईन, खिचडी गरम असेल. मात्र तीन टाळ्या वाजल्या की तुलाही उठावं लागेल. लवकर ये.