अजिनाथची उशिरा आलेली पसंती

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना माणूस तिला चालवून बघतो, धार काढून बघतो, मगच व्यवहार. बायको मात्र चहा संपायच्या आत पसंत करायची. आमच्याकडची ही शहाणी रीत अजिनाथला भोवली.

अजिनाथ गावच्या दूध संकलन केंद्रावर कामाला. रस्त्यानं पोरगी गेली की त्याचे मित्र एकमेकांना कोपरं मारायचे. देखणी पोरगी त्यालाही देखणीच दिसायची, पण आत काही हलायचं नाही. पुरुषांकडे ओढ होती म्हणावं, तर तीही नव्हती. "ह्यो बुवा व्हनार," त्यांतला बिभीषण म्हणायचा. अजिनाथ चारचौघांत हसायचा आणि घरी जाऊन घाबरायचा.

लग्नासाठी आरती नावाच्या मुलीला बघायला गेले तेव्हा बिभीषणनं बजावलं होतं, "बघितल्याबरोबर कळतं गड्या. न्हाई कळलं तर सोड." अजिनाथनं बघितलं. काही झालं नाही. त्यानं नकार कळवला.

पुढं आरती त्याच केंद्रावर कॉम्प्युटरवर बसू लागली. आधी दोघं कामापुरतं बोलायची. मग तिचे वडील वारले. पहिल्या दिवशी कामावर आली ती रडायलाच लागली, आणि अजिनाथ रांग थांबवून तिच्याजवळ बसून राहिला. त्यानंतर ती घरातलं सांगू लागली, तो आपली भीती सांगू लागला. असं वर्ष गेलं. एका सकाळी तिनं ओला हात ओढणीला पुसला आणि अजिनाथची छाती धडधडू लागली. तो हात तो रोजच बघत होता. मित्र ज्याविषयी बोलायचे ते हेच, हे त्याला तिशीत कळलं.

मोबाईलवर शोधलं तर त्याला नावही निघालं. डेमिसेक्शुअल. आधी जीव जडल्याशिवाय ज्यांना देहाची ओढ वाटतच नाही, अशी माणसं. आपल्यात खोट नाही, हे वाचून तो ढसाढसा रडला. मग त्यानं आरतीला सगळं सांगितलं आणि लग्नाचं विचारलं.

"तवा मी काय येगळी दिसत हुते?" तिनं विचारलं.

"तवा तू माझ्या वळखीची नव्हतीस."

"बघायला येनारे समदेच अनोळखी आसत्यात. त्यांना कळतं. तुला मी आवडले न्हाई, येवढंच. आता बाप गेला म्हनून कीव येती तुला."

त्यानं परत परत समजावलं. तिला ते पटलं नाही. ज्या घरानं नाकारलं तिथं पुन्हा कोण जातं? काष्टीच्या एका मुलानं तिला बघताक्षणी होकार दिला होता. तिनं त्याच्याशी लग्न केलं.

अजिनाथ महिनोन्‌महिने धड जेवला नाही. शेवटी आईनं रडून त्याला दुसरं स्थळ बघायला नेलं. मुलगी छान होती. आत काही झालं नाही, होणारही नव्हतं. या खेपेला त्यानं खरं सांगायचं ठरवलं. "मला थोडे महिने हिच्याशी बोलू द्या. मग सांगतो."

मुलीचा बाप ताडकन उठला. "पोरगी काय म्हैस हाय व्हय, पारखून घ्यायला?"

अजिनाथकडे उत्तर होतं: पारखायचं नव्हतं, ओळख व्हायची होती. पण ज्या एकीला त्यानं ते समजावलं होतं, तिलाही पटलं नव्हतं; ती काष्टीला नांदत होती.