नायट्याच्या गोळ्या आणि काळं नाक

माझी नात सध्या डॉक्टरकीच्या पुढच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवते. परवा म्हणाली, "आजी, बुरशीची औषधं डोक्यात राहत नाहीत गं." मी तिला म्हटलं, नावं पाठ करू नकोस, कोणतं औषध कुठे घाव घालतं ते बघ. हेच वाक्य मी रत्नागिरीतल्या एका सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं टेबलावर पट्टी आपटून म्हणत आले होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तेव्हा मी पन्नाशीची होते आणि सूक्ष्मजीवशास्त्र माझ्या मालकीचं आहे अशी माझी समजूत होती.

दुपारी इंटर्न पोरं परीक्षेच्या तयारीला माझ्याकडे यायची. मी बुरशीचं चित्र काढायची: बाहेर भिंत, आत पटल, मध्ये केंद्रक. मग एकेकाला उभं करायची. ॲझोल गटातली औषधं पटलातलं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. टर्बिनाफिन तेच काम आधीच्या पायरीवर अडवतं. नवीन आलेलं कॅस्पोफंजिन भिंत कमकुवत करतं. ग्रिझिओफुल्विन पेशीचं विभाजन थांबवतं आणि कातडी, केस, नखं यांच्या केराटिनमध्ये मुक्काम ठोकतं. उत्तर चुकलं की पट्टी टेबलावर, आणि बोटं जवळ असली तर बोटांवर. पोरं मला मागे काय म्हणत ते मला माहीत होतं आणि आवडतही होतं.

बंदरावरचा एक बोटवाला माझा जुना पेशंट. कमरेभोवती नायटा, चांगला पाटाएवढा. मच्छीमारीत कपडे ओले ते ओलेच. कातडी खरवडून पोटॅशच्या थेंबात पाहिली, धागे दिसले, ग्रिझिओफुल्विन दिलं. नायटा गेला. त्याचा धाकटा भाऊ आखातातून परत आलेला, आवाजाने माणूस, हाताने रेडा. त्याने माझ्या घरी सुरमई पाठवली आणि सगळ्या बंदरात जाहीर केलं की बाईंच्या गोळ्यांपुढे बुरशी टिकत नाही. मी ऐकून फुलले. किती मूर्ख होते म्हणून सांगू, मासा तळून खाल्ला आणि दाद मिळाली म्हणून आणखी एक तुकडा घेतला.

पावसात बोटी बंद होत्या तेव्हा बोटवाल्याला ताप आला. साखर आधीपासून होती, त्याने ती मोजायचीच सोडून दिली होती. गालाला सूज आली, नाकातून काळपट पाणी येऊ लागलं. कुणीतरी म्हणालं, बुरशी असेल. भावाने घरात उरलेल्या नायट्याच्या गोळ्या काढल्या आणि चार दिवस दिल्या. बुरशीच ती, आणि बाईंच्याच गोळ्या. बंदरावर यापेक्षा पक्का हिशोब कुणाचा नसेल.

पाचव्या दिवशी त्याला आणलं तेव्हा एक डोळा बाहेर आला होता आणि टाळूवर कोळशासारखा डाग होता. कान-नाक-घशाच्या सर्जनने नाकातला काळा तुकडा ओढून काढला. रक्त नाही आलं, मेलेल्या मांसातून येत नाही. मी तो भिंगाखाली धरला. रुंद, रिबिनीसारखे धागे, मधल्या भिंती जवळजवळ नाहीत, काटकोनात फुटलेल्या फांद्या. म्यूकर. नायट्याची बुरशी मेलेल्या कातडीवर चरते. ही रक्तवाहिन्यांत घुसते, त्या बुजवते, आणि वाट सापडली की मेंदूपर्यंत खात जाते.

आणि मी काय केलं? पोरांना बोलावलं आणि पेशंटच्या उशाशी उभं राहून प्रश्न विचारला. ग्रिझिओफुल्विन? कातडीत बसतं, इथे काय करणार. फ्लुकोनॅझोल? म्यूकरला जुमानत नाही. कॅस्पोफंजिन? तेही नाही. राहिलं अँफोटेरिसिन, जे एर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाला भोकं पाडतं. एका पोरीने बरोबर उत्तर दिलं आणि मी खूश झाले. उशीवरून एक डोळा आमच्याकडे बघत होता.

सर्जनने त्याच दिवशी मेलेली हाडं खरवडायला घेतली. औषध कोल्हापुराहून बर्फाच्या थर्मासमध्ये एसटीने आलं. बाटली लावताना भावाने लेबलवर 'ग्लुकोज' वाचलं आणि लावणाऱ्याचा हात धरला. साखरेच्या पेशंटला साखरेचं पाणी? मारायचंय काय? मी त्याला समजावलं, हे औषध मिठाच्या पाण्यात गुठळ्या होऊन बसतं, ग्लुकोजमध्येच विरघळतं, साखरेसाठी इन्शुलिन चालूच आहे. तो हटला, पण मनातून नाही.

दीड तासाने बोटवाल्याला थंडी भरली. ताप चढला, दात कडकडले, खाट भिंतीवर आपटू लागली, चार जण धरूनही तो उडत होता. भावाने सुई उपटली. भिंतीवर रक्ताची चिळकांडी गेली. मध्ये पडलेल्या इंटर्नच्या नाकावर त्याने असा ठोसा दिला की पोरगं गुडघ्यावर आलं. मग सलाइनचा लोखंडी स्टँड उपटून तो सरळ माझ्या प्रयोगशाळेच्या दाराशी आला. पहिला फटका काचेच्या कपाटावर बसला. दुसरा माझ्यासाठी उचलला होता.

डोक्यावर लोखंड असताना शहाणी बाई किंचाळते. मी त्याला तोंडी परीक्षेचं उत्तर दिलं. "एर्गोस्टेरॉल," मी म्हणाले, "बुरशीच्या पटलात असतं." कोपऱ्यातलं पोर नंतर सांगत होतं, मी हवेत बोटाने पटलही काढत होते.

स्टँड माझ्या डोक्यात बसला नाही, कारण त्याच्या मागून बोटवाल्याची बायको आली आणि तिने दिराचं मनगट दातांनी धरलं. स्टँड पडला. तिच्या ओठांवर रक्त होतं, बहुधा त्याचं. ती माझ्याकडे वळली.

"बाई, ते औषध बुरशीला मारतंय की माणसाला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी एकाही परीक्षेत विचारला नव्हता. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात त्याच्याच नात्यातलं कोलेस्टेरॉल. औषध पहिल्याला जास्त पकडतं, पण दुसऱ्यालाही सोडत नाही. थंडी वेगळी, ती औषध शिरल्याबरोबर अंग पेटून उठल्याची. मूत्रपिंडं मात्र खरोखर भाजून निघतात.

"दोघांना," मी म्हणाले. "बुरशीला जास्त. थांबवलं तर फक्त माणूस मरेल."

"डोळा?"

"जाईल."

तिने पदराने तोंड पुसलं. "मग लावा. आणि भावजी, तुमच्या अंगात एवढा जोर आहे तर त्यांचे पाय धरा."

बाटली पुन्हा लावली, या वेळी आधी ताप-थंडीची औषधं देऊन आणि थेंब हळू ठेवून. खांदे बायकोने धरले, पाय भावाने, दुखऱ्या मनगटाला रुमाल बांधून. थंडी पुन्हा आलीच. बोटवाल्याने भावाच्या छातीवर लाथ घातली, भावाने मला शिवी घातली, मी या औषधाने अंगातून उतरणाऱ्या पोटॅशियमची बाटली मागवली. रोज हेच. रोज सकाळी लघवी किती झाली ते बघायचं, रक्त घ्यायचं, मूत्रपिंडं तग धरतात का ते पाहायचं. आणि सर्जन पुन्हा काळं काळं कापून काढायचा, एकदा टाळूचा तुकडा, एकदा डोळा.

पुढे कधीतरी कापलेल्या कडेला रक्त आलं. लाल, वाहतं. सर्जनने हातमोज्यावरचं ते मला खिडकीतून दाखवलं. मी व्हरांड्यात जाऊन बायकोला सांगितलं की आज रक्त आलंय, मांस जिवंत आहे. शेजारी भाऊ बसला होता. त्याने विचारलं, आता बाटली बंद ना? मी म्हटलं, अजून बरेच दिवस. तो उठला, बाह्या वर केल्या आणि पाय धरायला आत गेला.