एका तोंडावरची दोन तोंडं

भवानीवहिनीचं पार्लर म्हणजे म्हैसूरच्या विजयनगरातल्या आमच्या घराची पुढची खोली. मधे पडदा. अलीकडे माझी शिलाई मशीन, पलीकडे तिची खुर्ची आणि आरसा. मी तिची नणंद, शांताक्का. माझं तोंड फटकळ, तिचं गप्प, म्हणून वीस वर्षं एका खोलीत निभावलं.

चेहरा बघायची तिची एक रीत आहे. बाईला तोंड धुवायला लावते आणि तासभर काहीच लावत नाही. "बसा, गप्पा मारा." मग पातळ कागद कपाळावर, नाकावर, हनुवटीवर टेकवते, दुसरा गालांवर. पहिला तेलकट आणि दुसरा कोरडा निघाला, की म्हणते, "तुमच्या एका तोंडावर दोन तोंडं आहेत. दोघांना एकच औषध नको." कडकोळच्या फॅक्टरीतल्या बायका शनिवारी एवढ्यासाठी इथवर येतात. आणि उपाय तो केवढा! दोन वेळा साधा सौम्य फेसवॉश, सगळीकडे हलकं लोशन, गालांवर वरून जाड क्रीमचा आणखी एक हात. मुलतानी माती आठवड्यातून एकदा, तीही फक्त कपाळ, नाक, हनुवटीला. दिवसा सनस्क्रीन. "साकू," म्हणते कन्नडात, म्हणजे पुरे.

पण पिकतं तिथं विकत नाही. तिची स्वतःची लेक रुक्कू फोनवर बघून नऊ बाटल्या घेऊन आली. नाक चमकतं म्हणून अख्ख्या तोंडाला तेलकट त्वचेचा फेसवॉश, दिवसातून चार वेळा, वर झोंबणारं टोनर. नाक होतं तसंच राहिलं. गाल मात्र पोळून निघाले, पापुद्रे सुटायला लागले.

एरवी आम्ही हसलो असतो. पण रुक्कूला हॉटेलात नोकरी लागली होती आणि तिला रिसेप्शनवर उभं राहायचं होतं. लहानपणापासून तेच वेड, खुर्चीमागे उभी राहून "वेलकम सर" म्हणायची. मॅनेजर म्हणाला, गालांवरचा मेकअप सुटतोय, दहा दिवसांनी सोमवारी ठरवू, कोणाला पुढे ठेवायचं ते.

त्या दिवशी रुक्कू आईच्या खुर्चीत येऊन बसली. वहिनीनं नऊ बाटल्या काढून घेतल्या, आपल्या नेहमीच्या चार हातात दिल्या. म्हणाली, "पोरी, नीट व्हायला तीन-चार आठवडे लागतील. मला घाई करता येत नाही."

पोरीनं निमूट ऐकलं. आठव्या दिवशी आग थांबली. पापुद्रे तसेच.

रविवारी दुपारी ती आरशासमोर रडायला लागली. "आई, अख्ख्या म्हैसूरचे चेहरे बघतेस. माझ्याच वेळी तुझ्या हातात काही नाही?"

वहिनी नुसती उभी. मला ते बघवेना, आणि बघवलं नाही की मी ओरडते. "अय्यो, पुतळ्यासारखी उभी काय राहिलीस? ते पापुद्रे तरी काढून टाक! पोरीच्या पोटावर पाय येतोय इथे!"

वहिनीनं पडद्याकडे, माझ्याकडे पाहिलं. कोरड्या गालांना ते सोसणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं स्क्रबची डबी उघडली. नाकाला चोळलं, मग गालांनाही. हलक्या हातानं, एकदाच.

गाल तासभर काय चकचकीत दिसले म्हणून सांगू! रुक्कू हसली. मी तर म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस. संध्याकाळी दोन्ही गाल लालभडक झाले, साधं पाणीसुद्धा झोंबायला लागलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती. आणि मी कोण? रोज जरीच्या काठाला आणि सुती कापडाला वेगळी इस्त्री फिरवणारी बाई. मला हे कळायला नको होतं?

सोमवारी मेकअप टिकला नाही. रिसेप्शनवर दुसरी मुलगी उभी राहिली. रुक्कूला मागच्या खोलीत फोनवर बसवलं. तिथं खिडकीसुद्धा नाही.

रात्री मी वहिनीला म्हटलं, "मला चार शिव्या तरी दे." ती म्हणाली, "हात माझेच होते, अक्का." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

त्यानंतर तिनं काहीच केलं नाही. त्याच चार बाटल्या. पाच आठवडे झाले. परवा रुक्कूनं माझा हात धरून गालावर ठेवला. "आत्या, बघ ना." लोण्यासारखा गाल, नाकावर चमक नाही. एवढी छान दिसत होती, की मला हात काढवेना. मग ती डबा घेऊन निघाली, दिवसभर फोन उचलायला. तिथं तिचा फक्त आवाज लागतो.

आज पलीकडे लग्नघरची एक आई बसलीय. "चार दिवसांवर लग्न आलंय, काहीतरी करा ना हो!" वहिनी गप्प. मी जोरात मशीन चालवते आहे. थांबवली तर बोलेन, ही भीती आहे.